प्रकल्प नोंदी: ‘शुक्रवारपर्यंत मिळेल’ ही तारीख कशी निघते आणि ऑर्डरनंतर का सरकते

१४ जुलै २०२५, सोमवार

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवायला सुरुवात करीत आहे. आमच्या विक्री संकेतस्थळावर ग्राहक वस्तूचे पान उघडतो, आपला पिनकोड टाकतो आणि त्याला ‘शुक्रवारपर्यंत मिळेल’ असे दिसते. ऑर्डर दिल्यावर हीच तारीख पुष्कळदा बदलते. ती कशी निघते, कोणत्या टप्प्यावर सरकते, आणि त्यातले कोणते सरकणे अटळ व कोणते टाळण्याजोगे आहे, हे शोधणे एवढेच या प्रकल्पाचे काम आहे.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट करून ठेवणे आवश्यक वाटते. वस्तूच्या पानावरील तारीख ही ग्राहकाच्या ऑर्डरची तारीख नसते, कारण ऑर्डर तेव्हा अस्तित्वातच नसते. ती एका कल्पित ऑर्डरची तारीख असते. ही ऑर्डर याच क्षणी पक्की झाली, तिच्यात या वस्तूचा एकच नग आहे, ती या पिनकोडवर जाणार आहे आणि ज्या गोदामात आत्ता माल दिसतो आहे तिथूनच ती निघेल, असे धरून आमची प्रणाली उत्तर देते. प्रत्यक्षात ग्राहक अर्ध्या तासाने पैसे भरतो, दुसरी वस्तूही टोपलीत टाकतो, पत्ता निवडताना गावाकडच्या घराचा निवडतो, आणि तेवढ्या वेळात त्या गोदामातला शेवटचा नग दुसऱ्याच कोणी घेतलेला असतो. गृहीतकांपैकी एक जरी बदलले तरी तारीख बदलू शकते, आणि यात कोणीही कोणाला फसवलेले नसते.

२२ जुलै, मंगळवार

गेल्या आठवड्यात प्रवासाचे टप्पे लिहून काढले. ऑर्डर पक्की झाली की गोदामात माल कप्प्यातून काढला जातो, बांधला जातो आणि त्यावर पत्त्याची चिठ्ठी लागते. मग ठरलेल्या वेळी कुरिअरची गाडी येते, पार्सल वर्गीकरण केंद्रात जाते, तिथून मोठ्या गाडीने दुसऱ्या विभागाच्या केंद्रात, तिथून छोट्या गाडीने तालुक्याच्या डिलिव्हरी केंद्रात, आणि शेवटी दुचाकीवरून दारात. प्रत्येक टप्प्यावर बारकोड स्कॅन होतो आणि वेळेची नोंद पडते. मात्र पार्सले थैलीत भरून सीलबंद केली की मधल्या केंद्रांवर थैलीच स्कॅन होते. त्यामुळे एखादे पार्सल चुकीच्या थैलीत पडले, तर ती थैली उघडेपर्यंत प्रणालीच्या लेखी सारे सुरळीत असते.

या साखळीत अंतरापेक्षा गाड्यांच्या सुटण्याच्या वेळा अधिक महत्त्वाच्या ठरतात, हे मला मुख्य वाटते. मालाचा वेळ सलग पुढे सरकत नाही, तो पायऱ्यांनी सरकतो. रात्रीची गाडी साडेअकराला सुटत असेल, तर नऊ वाजता बांधून झालेले पार्सल आणि अकरा वाजता बांधून झालेले पार्सल सकाळी एकाच वेळी पोहोचतात; पण पावणेबाराला तयार झालेले पार्सल चोवीस तास मागे पडते. उत्पादन पानावर दिसणारी ‘पुढील ४० मिनिटांत ऑर्डर केल्यास’ ही ओळ याच कारणाने असते. गाडीच्या वेळेतून माल काढण्याचा, बांधण्याचा आणि चढवण्याचा वेळ वजा केला की जी वेळ उरते, तिला आम्ही कट-ऑफ म्हणतो.

पिनकोडचीही मर्यादा येथेच नोंदवतो. भारतात १९७२ पासून चालत आलेला हा सहा आकडी क्रमांक टपाल वाटपाच्या सोयीसाठी आखलेला आहे. एका पिनकोडात शहराचा दाट भाग असू शकतो, तसेच दूरदूर विखुरलेल्या वाड्याही असू शकतात. डिलिव्हरी केंद्रातला माणूस बाजारपेठेत रोज जातो, पण घाटाखालच्या वाडीत आठवड्यातून ठरलेल्या वारीच जातो. पानावर पिनकोड एवढेच माहीत असल्यामुळे बाजारपेठेची तारीख दिसते, आणि पूर्ण पत्ता लिहिल्यावर वाडीची. हे सरकणे माहिती वाढल्यामुळे होणारे आहे आणि ते ऑर्डर पक्की होण्यापूर्वीच दाखवता येते. सध्या ते नंतर दाखवले जाते. एवढा बदल तरी लगेच करून घ्यावा, असे मी सुचवले आहे.

३० जुलै, बुधवार

आज हिशेबाच्या पद्धतीवर दीर्घ चर्चा झाली. सध्याच्या पद्धतीत प्रत्येक टप्प्याला सुरक्षित वाटेल असा वेळ धरून त्यांची बेरीज केली जाते. हे चुकीचे का आहे, ते बैठकीत एका सोप्या उदाहरणाने मांडले. येथील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.

समजा, तीन टप्पे आहेत. प्रत्येक टप्पा शंभरापैकी नव्वद वेळा एका दिवसात आणि दहा वेळा दोन दिवसांत पार पडतो. दिलेली तारीख शंभरापैकी किमान पंचाण्णव वेळा पाळली जावी, असे आपले धोरण आहे. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे पंचाण्णव टक्के सुरक्षित करायचा म्हटला तर प्रत्येकाला दोन दिवस द्यावे लागतात आणि बेरीज सहा दिवस होते. नेहमीचा वेळ धरून बेरीज केली तर तीन दिवस येतात, पण तिन्ही टप्पे वेळेवर होण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ७३ टक्केच आहे. आता चार दिवसांचा विचार करू. तिन्ही टप्पे वेळेवर झाले किंवा तिन्हींपैकी एकच अडखळला, तर चार दिवसांत माल पोहोचतो, आणि याची शक्यता ७२.९ अधिक २४.३, म्हणजे ९७ टक्क्यांहून अधिक आहे. म्हणून योग्य उत्तर चार आहे. सहा दिवस दाखवले तर ग्राहक दुसरीकडे जातो आणि तीन दाखवले तर चौघांपैकी एकाला शब्द मोडल्याचा अनुभव येतो.

यासाठी टप्प्यांची बेरीज करण्याऐवजी संपूर्ण प्रवासाच्या कालावधींचा विस्तार पाहून त्यातला पंचाण्णवावा शतमक, म्हणजे शंभरापैकी पंचाण्णव पार्सले जितक्या दिवसांच्या आत पोहोचतात तो आकडा, काढायला हवा. मात्र वरच्या उदाहरणात एक अट दडलेली आहे, ती म्हणजे टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. कोकणात पावसाळ्यात ही अट टिकत नाही. ज्या दिवशी मुसळधार पावसाने घाटातली गाडी अडते, त्याच दिवशी गावातली दुचाकीही अडते आणि गोदामात माणसेही कमी येतात. सगळे टप्पे एकदमच अडखळू लागले तर चार दिवसांचा भरवसा ९७ वरून ९० टक्क्यांवर येतो, आणि पंचाण्णवासाठी खरोखरच सहा दिवस लागतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमधल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी वर्षभराच्या नोंदी एकत्र मिसळून चालणार नाही, असे ठरले.

४ ऑगस्ट, सोमवार

नोंदींमधला एक जुना दोष सापडला आणि तो गंभीर आहे. प्रवासाला लागलेला वेळ मोजताना आतापर्यंत फक्त पोहोचलेली पार्सले घेतली जात होती. जी अजून वाटेत आहेत, जी उशिराला कंटाळून ग्राहकाने रद्द केली आणि जी दारातून परत गेली, ती या मोजणीत येतच नाहीत. म्हणजे सर्वाधिक रखडलेला मालच हिशेबातून गळतो. गेल्या आठवड्यात निघालेल्या पार्सलांपैकी आजपर्यंत पोहोचलेली तेवढी पाहिली तर मार्ग वेगवान दिसतो, कारण हळू जाणारी अजून मोजली जाण्याइतकी पुढे आलेलीच नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला मार्ग मंदावू लागतात, नेमका तेव्हाच हा दोष वाढतो.

यावर उपाय असा की वाटेतल्या पार्सलालाही नोंदीत स्थान द्यायचे: ‘सहा दिवस झाले, अद्याप पोहोचलेले नाही’ ही अपुरी असली तरी उपयुक्त माहिती आहे. आयुर्मानाच्या संख्याशास्त्रात हयात व्यक्तींचे वय हिशेबात घेण्याची जी रीत आहे, तीच येथे लागू होते. काम सुरू केले आहे.

दुसरा मुद्दा छोटा आहे. ‘पोहोचले’ म्हणजे ग्राहकाच्या हाती पडले, की पहिला प्रयत्न झाला? ग्राहक घरी नव्हता म्हणून एक दिवस गेला, तर तो प्रवासाच्या वेळेत धरू नये. पण ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हा शेरा प्रत्यक्ष न जाताही मारला जातो. शेरा मारताना केंद्राबाहेरचे ठिकाण नोंदले गेले आहे का, हे पाहूनच तो खरा मानायचा, असे ठरवले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

गेल्या आठवड्यातली एक ऑर्डर पूर्ण तपासली. पिनकोड ४१६६०६, मालवण. एका बहिणीने भावाच्या घरी मिक्सर पाठवला होता आणि तो ९ ऑगस्टच्या, शनिवारच्या, राखीपौर्णिमेपूर्वी पोहोचावा अशी तिची अपेक्षा होती. तिने मंगळवारी, ५ ऑगस्टला संध्याकाळी पान पाहिले तेव्हा तारीख होती शुक्रवार, ८ ऑगस्ट.

ही तारीख अशी निघाली होती. माल भिवंडीच्या गोदामात दिसत होता. संध्याकाळी सातच्या कट-ऑफपूर्वी ऑर्डर पक्की झाली की रात्री साडेअकराची गाडी मिळते, ती बुधवारी सकाळी कोल्हापूरच्या केंद्रात येते, कोल्हापुरातून पहाटे दोनला मालवणसाठी छोटी गाडी सुटते, गुरुवारी सकाळी पार्सल मालवणच्या डिलिव्हरी केंद्रात येते आणि त्याच दिवशी वाटपाला निघते. म्हणजे सुरळीत चालले तर गुरुवार, आणि सुरक्षिततेसाठी एक दिवस धरून शुक्रवार.

ग्राहकाने ६ वाजून ५२ मिनिटांनी यूपीआयने पैसे भरले, पण बँकेकडून पुष्टी ७ वाजून १४ मिनिटांनी आली. तिच्या दृष्टीने ऑर्डर सातच्या आत होती. गोदामाच्या दृष्टीने नव्हती. ऑर्डर बुधवार रात्रीच्या गाडीसाठी धरली गेली. आता सारे सुरळीत झाले तरच शुक्रवार साधणार होता. तारीख तीच राहिली, परंतु तिच्यामागचा राखीव दिवस संपला होता आणि हे पडद्यावर कुठेही दिसत नव्हते.

बुधवारी दुपारी कर्मचारी माल काढायला गेला तेव्हा कप्पा रिकामा होता. संगणकात एक नग शिल्लक होता, प्रत्यक्षात नव्हता. परत आलेला किंवा फुटलेला नग चुकीच्या कप्प्यात नोंदला गेला की असे होते. प्रणालीने तीन वाजता ऑर्डर चाकणच्या गोदामाकडे वळवली. चाकण कोल्हापूरला अधिक जवळ आहे, पण तिथून कोल्हापूरची गाडी रात्री आठला सुटते आणि पार्सल बांधून झाले नऊला. म्हणजे गुरुवारी रात्रीची गाडी. ती एरवी सव्वाएकच्या सुमारास कोल्हापुरात पोहोचते, त्यामुळे दोनची मालवणची गाडी मिळाली असती आणि शुक्रवारही साधला असता. पण त्या जोडणीचा भरवसा पंचाण्णव टक्के नसल्यामुळे तारीख ९ ऑगस्ट झाली.

गुरुवारी रात्री ती गाडी महामार्गावर रखडली आणि २ वाजून ४० मिनिटांनी पोहोचली. मालवणची गाडी गेलेली होती. चाळीस मिनिटांच्या उशिराचे चोवीस तास झाले. आता पार्सल शनिवारी सकाळी मालवणला येणार होते, त्यावर राखीव दिवस धरला की रविवार येतो, रविवारी त्या केंद्राची सुट्टी, म्हणून पडद्यावर सोमवार, ११ ऑगस्ट झळकला. प्रत्यक्षात मिक्सर शनिवारी दुपारी पोहोचला.

ग्राहकाने काय पाहिले? आधी ८, मग ९, मग ११, आणि माल आला ९ तारखेला. यातला प्रत्येक आकडा त्या-त्या क्षणी उपलब्ध माहितीवरून योग्य नियमाने निघाला होता, आणि तरीही ११ तारखेचा संदेश मिळाल्यावर तिने ऑर्डर रद्द करण्याविषयी विचारणा केली होती. मला सर्वाधिक खटकते ते मंगळवारी ७ वाजून १४ मिनिटांनी पाळलेले मौन. ‘पैशांची पुष्टी कट-ऑफनंतर आली, तारीख शुक्रवारच आहे, पण आता हातात मोकळा दिवस नाही’ एवढे तेव्हा कळवले असते, तर तिला मालवणमधल्याच एखाद्या दुकानातून भेट घ्यायला पूर्ण तीन दिवस मिळाले असते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तारीख बदलली की लगेच कळवायचे का, यावर मतभेद आहेत. ३० जुलैच्या उदाहरणावरच पुढे विचार केला. तारीख चार दिवसांची दिली आणि पहिल्याच टप्प्याला दोन दिवस लागले. उरलेले दोन टप्पे दोन दिवसांत होण्याची शक्यता ०.९ × ०.९, म्हणजे ८१ टक्के आहे. नियमानुसार तारीख पाचव्या दिवसावर जायला हवी, कारण ८१ हे पंचाण्णवाहून कमी आहे. परंतु कळवले तर ज्या शंभर ग्राहकांना आपण उशीर होणार म्हणून सांगितले, त्यांच्यातल्या ८१ जणांना माल मूळ तारखेलाच मिळेल. न कळवले तर १९ जण त्या दिवशी वाट पाहत बसतील.

माझे मत असे की येथे एकच आकडा दाखवण्याचा हट्ट सोडावा. मूळ तारीख पाळली जाण्याची शक्यता मध्यम असेल तेव्हा ‘शुक्रवार, कदाचित शनिवार’ असे लिहावे, आणि शक्यता अर्ध्याहून खाली गेली की तारीख स्पष्टपणे बदलून कारण सांगावे. तारीख अलीकडे येत असेल तेव्हा मात्र घाई करू नये. आधी कळवून पुन्हा मागे ढकललेली तारीख ग्राहकाला मूळ उशिरापेक्षाही अधिक त्रास देते, म्हणून पार्सल शेवटच्या डिलिव्हरी केंद्रात स्कॅन झाल्यावरच ‘आज मिळेल’ म्हणावे. कुरिअर विभागाच्या सहकाऱ्यांना ‘कदाचित’ हा शब्द पसंत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण ग्राहक दोन तारखांमधली अलीकडचीच लक्षात ठेवतो. काही पिनकोडांवर दोन्ही पद्धती चालवून पाहण्याचे ठरले.

२० ऑगस्ट, बुधवार

गोदामाच्या व्यवस्थापकांशी बोलल्यावर एक वेगळी अडचण समोर आली. आम्ही तारखेला अंदाज म्हणतो, पण गोदामासाठी ती मुदत असते. माल काढण्याचा क्रम दिलेल्या तारखेवरून लागतो: ज्याची तारीख जवळ, त्याचे पार्सल आधी. त्यामुळे एखाद्या मार्गाला आम्ही सावधपणे एक दिवस अधिक दिला की त्या मार्गाची पार्सले गोदामात मागे पडतात, पुढच्या महिन्याच्या नोंदीत तो मार्ग हळू दिसतो, आणि हिशेब आणखी एक दिवस वाढवा म्हणून सांगतो. जो उशीर मुळात नव्हता, तो आमच्याच सावधपणातून तयार होतो.

म्हणून हिशेबासाठी गोदामातल्या वेळेचे दोन भाग करायचे ठरवले: प्रत्यक्ष काम सुरू झाल्यापासून बांधून होईपर्यंतचा वेळ, आणि त्यापूर्वी रांगेत गेलेला वेळ. पहिला भाग पुढच्या तारखांसाठी वापरायचा. रांगेतला वेळ मात्र जुन्या नोंदींवरून न घेता, त्या दिवशी गोदामात किती काम शिल्लक आहे आणि किती माणसे हजर आहेत यावरून काढायचा. याशिवाय राखीव दिवस गोदामाला दिसणाऱ्या तारखेत मिळवायचा नाही; तो फक्त ग्राहकाच्या तारखेत राहील.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा, २७ तारखेला, गणेश चतुर्थी. या आठवड्यासाठी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचे पिनकोड नेहमीच्या हिशेबातून वेगळे काढले आहेत. मुंबई-गोवा महामार्गावर गणेशोत्सवात अवजड वाहनांवर निर्बंध येतात, आणि त्यांचा कालावधी व वजनाची मर्यादा त्या वर्षीच्या आदेशावर अवलंबून असते. गेल्या वर्षीच्या इंग्रजी तारखांवरून ही माहिती मिळत नाही, कारण सण तिथीने येतो: २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. म्हणून मागील वर्षांच्या नोंदी ‘चतुर्थीपूर्वी किती दिवस’ अशा मोजून पुन्हा लावल्या, तेव्हा कुठे त्यांच्यात सारखेपणा दिसू लागला.

कोकणातल्या डिलिव्हरी केंद्रांतली माणसेही घरचा गणपती असल्यामुळे रजेवर असतात, त्यामुळे गाडी वेळेवर आली तरी शेवटचा टप्पा थांबतो. उलट बाजूला मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये ऑर्डर दिलेले चाकरमानी गावी गेलेले असतात, आणि पार्सल वेळेवर दारात जाऊन परत येते. त्या पिनकोडांसाठी ऑर्डर देतानाच ‘या तारखेला घरी कोणी असेल का’ असा प्रश्न आजपासून दिसू लागला आहे. ‘नाही’ म्हटल्यास ग्राहक पुढची तारीख निवडू शकतो.

कोकणासाठी चाकणच्या गाडीची वेळ रात्री आठवरून साडेसातवर आणण्याची विनंती वाहतूक विभागाने तत्त्वतः मान्य केली आहे. त्यामुळे चाकणचा कट-ऑफही अर्धा तास अलीकडे येईल आणि काही ऑर्डरी एक दिवस मागे जातील, पण कोल्हापुरातली दोनची जोडणी चुकण्याचे प्रमाण घटेल. यूपीआयची पुष्टी कट-ऑफनंतर आल्यास त्याच मिनिटाला संदेश जाण्याची व्यवस्था चाचणीत आहे. अनंत चतुर्दशीनंतर, ६ सप्टेंबर उलटल्यावर, या दोन्हींचे आकडे पाहून पुढची नोंद करीन.